आरसीवरचा बोजा उतरवताना: काकांच्या गाडीच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

काकांच्या गाडीचा 84 वा आणि शेवटचा हप्ता काल खात्यातून वजा झाला. सकाळी त्यांचा फोन आला, "झालं रे, संपलं कर्ज. आता गाडी विकायला मोकळा." मी त्यांना आरसी उलटी करून बघायला सांगितलं. फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव अजून छापलेलं आहे. परिवहन विभागाच्या वाहन प्रणालीत गाडीचा नंबर टाकून पाहिला, तर तिथेही तेच.

हे नाव आपोआप जात नाही. 2018 साली गाडी नोंदवताना काका आणि बँक दोघांनी मिळून अर्ज केला, म्हणून ती नोंद झाली. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 51 प्रमाणे ती काढायलाही दोघांच्या सहीचा अर्ज लागतो. बँकेच्या लेखी कर्ज मिटलं तरी आरटीओच्या लेखी करार चालूच राहतो. नोंद असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आरसी हरवली आणि दुय्यम प्रत काढायची असली, पत्ता बदलायचा असला किंवा गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची असली, तरी आधी बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मागावी लागते.

काकांना गाडी विकून लहान गाडी घ्यायची आहे. गिऱ्हाईक कराडचं आहे, पण "एचपी काढलेली आरसी दाखवा, मग बोलू," असं त्यानं आधीच सांगून ठेवलंय. एचपी म्हणजे हायपोथिकेशन, बँकेच्या नावाची हीच तारणाची नोंद. त्याचं बरोबरच आहे. बोजा असलेली गाडी पैसे मोजून घ्यायची आणि मग दुसऱ्याच्या बँकेमागे फिरायचं, हे कुणी का करावं?

या कामाचा हिशेब इथे लिहून ठेवतोय. घरातल्या आणखी दोन गाड्यांचे हप्ते पुढच्या वर्षी संपणार आहेत.

8 जानेवारी

काकांबरोबर बँकेच्या शाखेत गेलो. खात्याचा उतारा मागितला, तर शेवटी 500 रुपये बाकी. मधल्या एका वर्षी एक हप्ता परत गेला होता, त्याचा दंड कुणी मागितला नाही आणि कुणी भरलाही नाही. हप्ते संपले म्हणजे खातं शून्यावर आलंच असं नसतं. पूर्ण शून्य झाल्याशिवाय प्रणाली खातं बंद करू देत नाही आणि बंद खात्याशिवाय एनओसीची विनंती पुढे सरकत नाही. पैसे तिथेच भरले आणि पावती घेतली. खातं बंद झाल्याची तारीख उताऱ्यावर आजचीच आहे.

मग लेखी अर्ज दिला. त्यात तीन गोष्टी मागितल्या: एनओसी, फॉर्म 35 च्या सही-शिक्क्याच्या प्रती, आणि कर्ज देताना घेतलेले कोरे धनादेश परत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का घेतला. काउंटरवरच्या बाईंनी "नो ड्यूज सर्टिफिकेट लगेच देते" म्हणून ते छापून दिलं. काकांना वाटलं काम झालं.

या दोन कागदांत गल्लत होते, म्हणून नीट लिहितो. नो ड्यूज म्हणजे या खात्यावर येणं बाकी नाही, एवढाच बँकेचा दाखला. त्यात बहुतेक वेळा गाडीचा उल्लेखही नसतो. एनओसी हे आरटीओला उद्देशून लिहिलेलं पत्र असतं: अमुक नंबरच्या, अमुक चेसिसच्या गाडीवरची तारणाची नोंद रद्द करायला आमची हरकत नाही. आरटीओला हे दुसरं पत्र लागतं. आणि फॉर्म 35 हा प्रत्यक्ष अर्ज. त्यातला मजकूर दोन वाक्यांचा आहे: आमच्यातला करार संपला आहे, आणि आरसीवरची त्याची नोंद रद्द करावी. खाली एका बाजूला मालकाची सही, दुसऱ्या बाजूला बँकेची सही आणि शिक्का. तो किमान दोन प्रतींत द्यायचा असतो, कारण नोंद रद्द झाल्याचा शेरा मारून एक प्रत बँकेकडे परत जायची असते.

9 जानेवारी

काकांचा प्रश्न होता, "बँकेनं महिनोन्महिने एनओसी दिलीच नाही तर?"

रिझर्व्ह बँकेचं 13 सप्टेंबर 2023 चं परिपत्रक त्यांना वाचून दाखवलं. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत बँकेनं मूळ कागद परत करायचे आणि नोंदणीकडचा बोजा उठवण्याची आपल्या बाजूची कार्यवाही करायची. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई कर्जदाराला. 1 डिसेंबर 2023 पासून पुढच्या प्रकरणांना हे लागू आहे. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत वाहन कर्ज वैयक्तिक कर्जात मोडतं, फक्त धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचं मोडत नाही. म्हणजे टॅक्सी किंवा टेम्पोवाल्यानं या परिपत्रकावर विसंबू नये.

आमचे 30 दिवस 8 जानेवारीपासून धरायचे, 5 पासून नाही, कारण खातं त्या दिवशी शून्य झालं. 7 फेब्रुवारी ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली. तोपर्यंत कागद आले नाहीत, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. तिला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं. आवक शिक्का घेतलेली प्रत तिथेच उपयोगी पडते.

24 जानेवारी

पाकीट आलं. धनादेश परत, फॉर्म 35 दोन प्रतींत, एनओसी एक. काका लगेच आरटीओला निघाले होते, त्यांना थांबवलं. आधी एनओसी आरसीशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिली.

दोन ठिकाणी अडलं.

पहिलं चेसिस नंबरात. आरसीवर जिथे शून्य आहे, तिथे एनओसीवर इंग्रजी `O` छापलाय. वरवर पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात. मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा एनओसीवरचं अक्षर शेजारच्या शून्यापेक्षा जास्त गोल दिसलं. इथे एक पक्की कसोटी आहे. सध्याच्या गाड्यांचा चेसिस नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात `I`, `O` आणि `Q` ही तीन अक्षरं वापरतच नाहीत. 1 आणि 0 शी घोटाळा होऊ नये म्हणूनच ती वगळली आहेत. त्यामुळे चेसिस नंबरात कुठेही `O` दिसला, तर तो टंकलेखनाचा दोष, दुसरं काही असूच शकत नाही. अक्षरं मोजून 17 भरतात का, हेही त्याच वेळी पाहावं. एखादा अंक गळालेला लगेच कळतो. इंजिन नंबराला मात्र असा एकच नियम नाही, तो कंपनीगणिक वेगळा असतो. तिथे आरसीशी जुळतो का, एवढंच पाहायचं.

दुसरी अडचण बँकेच्या नावाची. आरसीवर 2018 सालच्या बँकेचं नाव आहे. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि एनओसी आलीय नव्या बँकेच्या कागदावर. पत्रात जुन्या बँकेचा उल्लेखच नाही. आरटीओतल्या कारकुनापुढे मग एका बँकेची नोंद आणि दुसऱ्याच बँकेचं ना-हरकत पत्र असं चित्र येतं. तिऱ्हाइताच्या पत्रावरून त्यानं नोंद का काढावी?

हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. 1 एप्रिल 2019 ला देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात गेल्या. 1 एप्रिल 2020 ला ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत गेली. त्याआधी सात-सात वर्षांच्या मुदतीनं कर्ज घेतलेल्या कितीतरी गाड्यांच्या आरसीवर आज अस्तित्वात नसलेल्या बँकेचं नाव आहे.

27 जानेवारी

शाखेत गेलो. आरसीची प्रत, एनओसी आणि एका कागदावर दोन्ही चेसिस नंबर एकाखाली एक लिहून व्यवस्थापकांपुढे ठेवले. फरकाच्या जागी पेन्सिलीनं गोल केला होता. त्यांनी लगेच मान्य केलं. कर्ज खात्याची माहिती विलीनीकरणाच्या वेळी दुसऱ्या प्रणालीत आली आणि पत्र तिथूनच छापलं जातं, म्हणून दोष पत्रात आला, असं त्यांचं म्हणणं.

पत्रावर हातानं खाडाखोड करून शिक्का मारून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नम्रपणे नको म्हटलं. एनओसीत खाडाखोड दिसली की शंका येते आणि काउंटरवर कागद परत मिळतो. नवं पत्रच मागितलं आणि जुन्या बँकेच्या नावासाठी एक वाक्य सुचवलं: "सदर वाहनावरील तारण पूर्वीच्या अमुक बँकेच्या नावे नोंदलेले असून ती बँक तमुक तारखेपासून आमच्या बँकेत विलीन झाली आहे." फॉर्म 35 वरही बँकेच्या शिक्क्याखाली "पूर्वीची अमुक बँक" लिहून द्यायला सांगितलं.

4 फेब्रुवारी

नवं पत्र आलं, 7 तारखेच्या आत. चेसिस, इंजिन, गाडीचा नंबर, मालकाचं नाव, जुन्या बँकेचं नाव सगळं जुळतंय. एनओसीवर ती किती दिवस ग्राह्य धरावी हेही छापलंय. अशी मुदत लिहिलेली असेल तर कागद कपाटात ठेवून भागत नाही. मुदत उलटली की पुन्हा बँकेत जाऊन नवं पत्र मागायचं. काकांचे एक मित्र असेच अडकलेत. त्यांचं कर्ज फिटून बरीच वर्षं झाली, एनओसी फाईलमध्ये तशीच राहिली, आणि आता ती शाखाच राहिली नाही.

6 फेब्रुवारी

`parivahan.gov.in` वर अर्ज भरायला बसलो. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले. ओटीपी गेला एका अनोळखी मोबाईलवर. शेवटचे आकडे आमच्या घरातल्या कुणाचेच नाहीत. गाडी घेताना विक्रेत्याच्या माणसानं स्वतःचा नंबर टाकला असावा. जुन्या गाड्यांत हे फार दिसतं.

त्यामुळे आधी मोबाईल नंबर बदलण्याचं काम. त्यासाठी वेगळी सेवा आहे. गाडीचा नंबर, पूर्ण चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख आरसीप्रमाणे जुळली की नवा नंबर टाकता येतो. काकांचा नंबर घातला. तो त्यांचाच हवा, माझा नाही. पुढे गाडी विकताना ओटीपी त्याच नंबरवर येणार.

10 फेब्रुवारी

आज अर्ज भरला. वाहनविषयक सेवांमध्ये राज्य आणि आरटीओ निवडलं की यादी येते, त्यात `Hypothecation Termination` वर खूण करायची. आधार पडताळणीनं घरबसल्या करण्याचा पर्याय दिसला, पण आरसीवर काकांचं मधलं नाव आद्याक्षरात आहे आणि आधारवर पूर्ण. पडताळणी जुळली नाही. म्हणून अर्ज ऑनलाईन भरायचा आणि कागद काउंटरवर द्यायचे, हा मार्ग घेतला.

फी गाडीच्या वर्गाप्रमाणे पडद्यावर आपोआप येते. तिच्यात नव्या स्मार्ट कार्डाचे 200 रुपये धरलेले असतात, कारण नाव काढलेली आरसी नव्यानं छापली जाते. पैसे राज्य सरकारच्या ग्रास प्रणालीतून भरले. खात्यातून रक्कम गेली आणि पावती येण्याच्या जागी पान कोरं आलं.

काका म्हणाले, "पुन्हा भरून टाक, नाहीतर तारीख जाईल." पुन्हा भरलं नाही. खात्यातून पैसे गेले असतील आणि पावती अडकली असेल, तर संकेतस्थळावर प्रलंबित व्यवहार तपासायची सोय आहे, तिथे अर्ज क्रमांक टाकायचा. दुसऱ्यांदा भरलं तर ते पैसे परत मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

11 फेब्रुवारी

सकाळी त्याच सोयीतून व्यवहार पूर्ण दिसला. पावती छापली. अर्ज क्रमांक वहीत लिहिला.

14 फेब्रुवारी

कागद दिले. आदल्या संध्याकाळी चेसिसचा ठसा घेतला. फॉर्मवर तो मागतात आणि नीट आला नाही तर परत पाठवतात, म्हणून रीत लिहून ठेवतो. काकांच्या गाडीत नंबर बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर कोरलेला आहे. काही गाड्यांत तो पुढच्या सीटखाली, गालिच्याच्या झडपेखाली असतो. वर सात वर्षांची धूळ आणि तेलकट थर होता. रॉकेलच्या फडक्यानं पुसून कोरडं केलं. खरवडलं नाही, कारण नंबरावर ओरखडे दिसले तर छेडछाडीचा संशय येतो. मग पातळ कागदाची पट्टी चिकटपट्टीनं दोन्ही टोकांना ताणून बसवली आणि मऊ पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेनं हलक्या हातानं फिरवली. पहिली पट्टी फाटली. दुसरीवर सतराही अक्षरं पांढरी उठली, शून्यासकट. फॉर्मच्या दोन्ही प्रतींसाठी दोन पट्ट्या केल्या.

दिलेले कागद: मूळ आरसी, फॉर्म 35 दोन प्रती, नवी एनओसी, विमा आणि पीयूसीच्या चालू प्रती, काकांचा पत्त्याचा पुरावा आणि पॅनची प्रत, फीची पावती. काउंटरवरच्या साहेबांनी पहिल्यांदा बँकेचं नाव पाहिलं आणि भुवया वर केल्या. विलीनीकरणाचं वाक्य वाचलं, पुढचं पान उलटलं, शिक्का मारला. त्या एका वाक्यामुळे दुसरी फेरी वाचली.

मूळ आरसी आता जमा आहे, म्हणून कागद दिल्याची पोच गाडीत ठेवली. डिजीलॉकरमधली आरसी काकांच्या मोबाईलवर आहेच, रस्त्यात विचारलं तर ती चालते.

20 फेब्रुवारी

अर्जाच्या स्थितीत मंजुरी दिसली. वाहन प्रणालीत फायनान्सरचा रकाना रिकामा झालाय. कायद्याच्या दृष्टीनं काम इथे झालं, छापील कार्ड नंतर येईल. काकांच्या डिजीलॉकरमध्ये मात्र अजून जुनीच आरसी, बँकेच्या नावासकट. तिथे पूर्वी आणलेली प्रत जपून ठेवलेली असते. ती काढून पुन्हा मागवली, तेव्हा नवी आली. गिऱ्हाइकाला दाखवायची तर हीच.

8 मार्च

स्पीड पोस्टानं कार्ड आलं, आरसीवरच्या पत्त्यावर. नाव, नंबर, इंधन, वजन सगळं तपासलं. कार्ड नव्यानं छापताना दुसऱ्याच रकान्यात चूक शिरू शकते, म्हणून फक्त फायनान्सरची जागा पाहून समाधान मानू नये. आमचं सगळं ठीक आहे.

10 मार्च

काकांना वाटलं आता वही मिटवायची. मी विम्याची पॉलिसी काढायला सांगितली. तिच्या दुसऱ्या पानावर बँकेचं नाव अजून आहे, आणि फेब्रुवारीत नूतनीकरण झालं तेव्हा ते तसंच पुढे ओढलं गेलं.

हे नाव काढायला आरटीओचा संबंध नाही. पॉलिसीत `IMT 7` नावाचं कलम असतं, तारण ठेवलेल्या गाडीसाठी. किरकोळ दुरुस्तीत ते जाणवत नाही, कारण पैसे गॅरेजला जातात. पण गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली, तर दाव्याची रक्कम या कलमामुळे आधी बँकेकडे वळते. कर्ज नाही, तरी आपलेच पैसे बँकेकडून सोडवायला पुन्हा पत्रव्यवहार करायचा. तोही अशा वेळी, जेव्हा गाडी हातात नसते.

विमा कंपनीला नव्या आरसीची आणि एनओसीची प्रत जोडून मेल पाठवला आणि बँकेचं नाव काढल्याचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचं पत्र, मागितलं.

13 मार्च

एंडोर्समेंट आलं. पॉलिसी क्रमांक तोच, बँकेच्या नावाची जागा कोरी. छापून पॉलिसीच्या मागे टाचली.

बँकेकडे हप्त्याची स्वयंचलित वजावट अजून चालू आहे का, तेही पाहिलं. खातं बंद झालं तरी दिलेली परवानगी मुदतीपर्यंत नोंदलेली राहते. नेट बँकिंगमधून ती रद्द केली.

22 मार्च

कराडचं गिऱ्हाईक आलं. त्यानं स्वतःच्या मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून आधी फायनान्सरचा रकाना पाहिला, मग बॉनेट उघडलं. व्यवहार ठरला. गाडी त्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या झाल्या. फॉर्म 35 ची शेरा मारलेली छायाप्रत, एनओसीची छायाप्रत आणि विम्याचं एंडोर्समेंट त्याच्या फाईलमध्ये दिलं, मूळ एनओसीची एक प्रत आमच्याकडे ठेवली.

चुलत बहिणीच्या स्कूटरचा शेवटचा हप्ता येत्या नोव्हेंबरात आहे. तिला आरसी आणि मोबाईल नंबर आत्ताच तपासून ठेवायला सांगितलं. संध्याकाळी तिचा निरोप आला: वाहन प्रणालीत नंबर तिच्या माहेरचा जुना आहे. रविवारी बसून तो बदलून घेऊ.